गांधी गेटाचा जुना फोटो आणि आजचा फोटो जुळत का नाही

प्रश्न: आजोबांनी 1950 च्या सुमारास नागपूरच्या महालात गांधी गेटासमोर काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. त्याच जागेवरून मोबाईलवर नवा काढला. डावीकडे जुना, उजवीकडे नवा असं एकच चित्र करायचं आहे. पण गेट बरोबर बसवलं की उजव्या हाताची दुमजली माडी फार मोठी होते, आणि माडी बसवली की गेट लहान पडतं. झूम करून पाहिलं, ओढूनताणून पाहिलं. चुकतंय कुठे?

उत्तर:

तुम्ही गेटाच्या जास्त जवळ उभे होतात, चूक तेवढीच आहे. ती घरी बसून कॉम्प्युटरवर दुरुस्त होणार नाही, पुन्हा महालात जावं लागेल.

फोटोत दोन गोष्टी ठरतात आणि त्या वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. चौकटीत किती मावेल हे लेन्स ठरवते. पण जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या मानाने किती मोठी दिसेल, कोणाच्या आड काय लपेल, हे फक्त कॅमेरा कुठे होता यावर ठरतं. झूम केल्याने माडी आणि गेट दोन्ही सारख्याच पटीत मोठे होतात, त्यांचं एकमेकांशी प्रमाण हलत नाही. कॅमेरा थोडा वर रोखला, तिरका धरला, तर तेही नंतर सरळ करता येतं. जागा चुकली तर मात्र उपाय नाही, कारण जुन्या फोटोत दिसणारी एखादी भिंत तुमच्या फोटोत आलेलीच नसते.

म्हणून ज्या फोटोत फक्त एखाद्या इमारतीचा दर्शनी भाग समोरून आहे, तो सोपा वाटतो आणि फसवतो. सगळं एकाच पातळीत असल्यामुळे पाच मीटर मागेपुढे उभं राहून काढलेला फोटोही बेमालूम बसतो. तुमच्या फोटोत जवळ माडी आणि लांब गेट आहे, ही अडचण नाही, सोय आहे. जागा शोधायची खूण तीच.

आधी जुना फोटो नीट हातात घ्या. मोबाईलने त्याचा फोटो काढू नका, हात किंचित जरी तिरका झाला तरी आयताचा चौकोन बिघडतो आणि पुढची सगळी मोजमापं चुकतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर 1200 डीपीआयला स्कॅन करा. 6 × 9 सेंटिमीटरच्या कॉन्टॅक्ट प्रिंटचे, म्हणजे निगेटिव्हएवढ्याच मापाच्या प्रिंटचे, साधारण 2800 × 4250 पिक्सेल मिळतात, ते पुरे. मग दोन गोष्टी तपासा. दुकानांच्या पाट्या उलट्या तर वाचल्या जात नाहीत ना? निगेटिव्ह उलटी ठेवून काढलेले प्रिंट जुन्या अल्बममध्ये सापडतात. आणि प्रिंट कापलेला आहे का? चारही बाजूंना सारखी पांढरी किनार असेल आणि आकार फिल्मच्या मापाचा असेल तर बहुतेक पूर्ण चौकट आहे. मोठा करून घेतलेला प्रिंट असेल तर स्टुडिओवाल्याने कडा कापल्या असण्याची शक्यता धराच. तेव्हा चित्राचा मध्य म्हणजे कॅमेरा रोखलेली दिशा असं गृहीत धरता येत नाही.

आता मागे किती सरकायचं ते. अंदाजाने पावलं टाकत बसण्यापेक्षा मोजून काढा, गणित आठवीच्या मुलाला येईल एवढंच आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही फोटोंत दोन मापं घ्या. एक लांबचं: गेटाच्या कमानीची आतली रुंदी. एक जवळचं: माडीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर, एकाच उभ्या रेषेत, पहिल्या मजल्याच्या तळापासून छपराच्या कडेपर्यंतची उंची. जवळचं माप उभंच घ्या. माडीची लांबी घेतली तर तिचं एक टोक कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसरं लांब पडतं, मग ते कोणत्या अंतरावरचं माप म्हणायचं?

खूण निवडताना ती इतक्या वर्षांत हललेली नाही याची खात्री करा. गांधी गेट म्हणजे भोसल्यांच्या काळातला जुना जुम्मा दरवाजा, त्याची दगडी कमान भरवशाची आहे. विजेचे खांब, पाट्या, टिनाचे पत्रे, झाडं यांच्यावर अजिबात विसंबू नका. माडीवर नंतर मजला चढवला असेल किंवा छप्पर उतरवून स्लॅब टाकला असेल तर छपराची कड सोडा. पहिल्या मजल्याच्या खिडकीची चौकट घ्या, तीही त्या कोपऱ्याला लागून असलेलीच.

समजा जुन्या फोटोत कमान 24 मिलिमीटर आणि माडीची उंची 36 मिलिमीटर भरली. प्रमाण आलं 1.5. नवा फोटो कमान 24 होईल एवढा लहानमोठा केला, त्यात माडीची उंची 42 आली. प्रमाण 1.75. हे आकडे हिशेब दाखवायला सोयीचे घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. आता जमिनीवरची दोन अंतरं टेपने मोजायची: नवा फोटो काढला तिथपासून माडीच्या त्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्या कोपऱ्यापासून गेटापर्यंत. दोन्ही गेटाच्या दिशेने सरळ, कोपऱ्याकडे तिरकी नाही. ती 12 मीटर आणि 30 मीटर निघाली असं धरू.

```
गुणक = जुनं प्रमाण / नवं प्रमाण = 1.5 / 1.75 = 0.857
जुनं अंतर = 30 / (0.857 × (1 + 30/12) − 1)
          = 30 / (3.0 − 1) = 15 मीटर
```

आजोबा माडीच्या कोपऱ्यापासून 15 मीटरवर होते आणि तुम्ही 12 वर. तीन मीटर मागे.

या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा? 36 च्या जागी 37 मिलिमीटर वाचलं, एवढी चूक पट्टीने सहज होते, तर उत्तर 15 ऐवजी सुमारे 14.4 मीटर येतं. म्हणजे गणित तुम्हाला जागेच्या अर्ध्यापाऊण मीटरपर्यंत नेतं, त्याहून जवळ नाही. स्क्रीनवर पिक्सेलमध्ये मोजलंत तर थोडं सुधारतं. उरलेलं काम डोळ्याने करायचं.

त्यासाठी आड जाणाऱ्या कडा बघा. जुन्या फोटोत माडीचा उभा कोपरा मागच्या गेटाला कुठे कापतो? कमानीच्या उजव्या पायाचा किती भाग झाकतो? दगडाचा कोणता सांधा जेमतेम दिसतो? तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळची माडी मागच्या गेटावरून डावीकडे सरकते, आणि डावीकडे गेलात की उजवीकडे. वरच्या अंतरांवर 10 सेंटिमीटर बाजूला सरकलं की माडीची कड गेटावर 20 सेंटिमीटर सरकते, म्हणजे दुप्पट. ती खूण एवढी तीक्ष्ण आहे की पायाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला तरी फरक कळतो. अशी एक जोडी उजवीकडची आणि शक्य असेल तर एक डावीकडची घ्या. प्रत्येक जोडी जमिनीवर एक सरळ रेष देते आणि दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. डावीकडे जुनं काहीच उरलं नसेल तर एक रेष आणि वर काढलेलं 15 मीटरचं अंतर, दोन्ही मिळून काम भागतं.

उंचीकडे बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि गांधी गेटासारख्या ठिकाणी खरी गोम तिथेच आहे. त्या काळातले बॉक्स कॅमेरे आणि वरून बघायचे दोन भिंगांचे कॅमेरे पोटाशी धरायचे, साधारण एक मीटर उंचीवर. तुम्ही मोबाईल डोळ्यांसमोर धरलात, दीड मीटरच्या वर. उंचावरून काढला की जवळच्या वस्तू लांबच्यांच्या मानाने खाली सरकतात.

जुना कॅमेरा किती उंच होता हे फोटोच सांगतो. माडीच्या ज्या आडव्या रेषा रस्त्याबरोबर लांब जातात, म्हणजे सज्जाची कड, खिडक्यांचे वरचे आणि खालचे काठ, त्या स्कॅनवर पट्टीने वाढवत न्या. त्या एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ मारली की ती क्षितिजरेषा, आणि सपाट रस्त्यावर ती रेघ प्रत्येक गोष्टीला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. जवळच्या सायकलवाल्याच्या आणि लांबच्या टांग्याजवळ उभ्या माणसाच्याही कमरेवरून गेली तर कॅमेरा कमरेएवढ्या उंचीवर होता. सगळ्यांच्या डोक्यांच्या बरीच वरून गेली तर समजा की फोटो रस्त्यावरून नाही, समोरच्या कोणाच्या तरी गच्चीतून किंवा सज्जातून काढला आहे. मग खाली रस्त्यात कितीही फिरलात तरी जागा सापडणार नाही.

पण ही उंची आजच्या रस्त्यापासून मोजू नका. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले तेव्हापासून जुन्या वस्त्यांत कितीतरी ठिकाणी रस्ता वर आणि घराचं जोतं खाली अशी स्थिती आहे. त्यामुळे "एक मीटर" म्हणजे कुठून एक मीटर, हा प्रश्न उरतोच. त्यावर साधा तोडगा असा: क्षितिजरेषा माडीच्या भिंतीला नेमकी कुठे कापते ते जुन्या फोटोत बघा. समजा दाराच्या चौकटीत, खालच्या बिजागरीच्या थोडं वर. तेच दार आज उभं असेल तर कॅमेरा त्याच पातळीत धरायचा, रस्ता कितीही वर आलेला असो. ती पातळी 15 मीटर मागे न्यायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. एकाने एक टोक दाराच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक स्टँडशी. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून आधी ती पूर्ण भरून दोन्ही टोकं शेजारी धरून बघा. रस्ता 40 सेंटिमीटर चढला असेल तर मोबाईल आज जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर येईल. लोक बघतील, बघू द्या. दार बदललं असेल तर गेटाच्या दगडाचे थर मोजा. जुन्या फोटोत कमानीच्या सुरुवातीपर्यंत जितके थर दिसतात त्यातले आज किती उरले, यावरून जमीन किती चढली ते कळतं.

जागेवर नेताना जुन्या फोटोतल्या फक्त मुख्य रेषा काढून न्या: कमान, माडीचा कोपरा, सज्जा, क्षितिजरेषा. झेरॉक्सच्या दुकानात त्या पारदर्शक शीटवर छापून मिळतात. आकार असा ठेवा की मोबाईलच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या कमानीवर शीटमधली कमान बसेल, आणि शीट स्क्रीनला चिकटवा. अख्खा फोटो छापलात तर खालचं काहीच दिसत नाही. त्या काळच्या 6 × 9 च्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा आवाका आजच्या मोबाईलच्या मुख्य लेन्सपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे मुख्य लेन्सने जरा जास्त आवार घेऊन काढा आणि नंतर कापा. कडेने मोकळी जागा असली म्हणजे सरळ करताना काही कापलं जात नाही. अल्ट्रावाइड मात्र टाळा. तिच्या कडा मोबाईल स्वतःच ओढून सरळ करतो आणि तुमची मोजमापं बिघडतात.

वेळेबद्दल थोडं. सकाळी लवकर जा, दुकानं उघडायच्या आत, कारण 15 मीटरवरची जागा रस्त्याच्या मधोमध येण्याची शक्यता बरीच आहे, आणि गाड्यांकडे लक्ष ठेवायला एक माणूस सोबत हवाच. सावल्याही जुळवायच्या असतील तर नागपूरपुरती एक सोपी मोजणी आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी इथे सूर्य साधारण 45 अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढीच पडते. फोटोतली सावली त्याहून लांब दिसली तर वेळ भर दुपारची नाही, सकाळ किंवा संध्याकाळ. आणि मेच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, त्या दिवसांत मध्यान्हीची सावली जेमतेम पायाशी आणि दक्षिणेकडे पडते. जुळणीसाठी सावल्यांची गरज नाही, पण कमानीच्या आत ऊन की सावली हा फरक जोडावर फार डोळ्यात भरतो.

एकच फोटो काढून घरी येऊ नका. ठरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना 20 सेंटिमीटरच्या अंतराने असे पाच, आणि प्रत्येक जागी तीन उंचींवर, मिळून पंधरा फोटो. खडूने जागा आखून क्रम लिहून ठेवा. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर जुळल्यासारखे वाटणारे फोटो मोठ्या पडद्यावर उघडे पडतात, आणि पंधरांतला एकच नीट बसतो.

घरी GIMP मध्ये जुना फोटो उघडा आणि नवा "Open as Layers" ने त्याच्यावर आणा. वरच्या थराची "Opacity" 50 करा. नवा फोटो जुन्यावर बसवायचा, उलट नाही. जुना आहे तसाच राहू द्या. "Handle Transform" घेऊन आधी दोनच बिंदू लावा, दोन्ही गेटावर: कमानीचे दोन पाय. दोन बिंदूंनी फक्त सरकवणं, फिरवणं आणि लहानमोठं करणं होतं, फोटो वाकत नाही. गेट बसलं की हात काढा आणि माडीकडे बघा, कारण आता ती खरं बोलते. माडी मध्यापासून बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल तर तुम्ही अजून जवळ आहात, आत आक्रसली असेल तर लांब गेलात. डावीकडे सरकली असेल तर तुम्ही जास्त उजवीकडे होतात. खाली बसली असेल तर कॅमेरा जास्त वर होता. ज्या फोटोत हे सगळे फरक सर्वांत कमी, तो निवडा.

त्यानंतरच चार बिंदू लावून कॅमेऱ्याचा तिरकेपणा काढा, आणि तोही किंचितच. चौथा बिंदू ओढताना भिंती कलंडायला लागल्या, लोकांचे चेहरे रुंद झाले, तर तुम्ही जागेची चूक ओढून लपवताय असं समजा आणि पंधरातला दुसरा फोटो घ्या. अगदी कडेला दोन-चार मिलिमीटर फरक उरला तर सोडून द्या. जुन्या बॉक्स कॅमेऱ्याचं एकेरी भिंग कडेला रेषा वाकवतं, आणि फिल्मही आत पूर्ण सपाट बसत नसे.

आता जोड. चित्र बरोबर मध्यावर कापायचा मोह आवरा. कमानीतूनच कापा: डावा पाय जुना, उजवा पाय नवा, आणि कमानीचा माथा दोघांत मिळून पूर्ण झालेला. बघणारा आधी त्या माथ्याकडेच बघतो. माडी मग नव्या अर्ध्यात येते, आणि जुळणी मुळात तिच्यावरच झालेली असल्याने तिथेही नजर अडखळत नाही. वरच्या थराची "Opacity" परत 100 करा, त्याला "Add Layer Mask" लावून त्या उभ्या रेषेच्या डाव्या बाजूला काळा रंग भरा. कड तीक्ष्ण ठेवा, फार तर तीन-चार पिक्सेल मऊ. शंभर पिक्सेलची मऊ कड सुंदर वाटते, पण तिच्यात अर्धी सायकल आणि अर्धी स्कूटर एकमेकांत विरघळतात. रस्त्याची कड जोडावर तुटेल, रस्ता चढला आहे म्हणून. ती जुळवू नका, तो फरक खराच आहे.

जुन्याला रंग देऊ नका आणि नव्याचा काढू नका. फक्त दगडाचा उजेड जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखा करा, "Curves" मध्ये, आणि तोही नव्या फोटोचा. जुन्या फोटोतलं आभाळ बहुधा पांढरं फटक असेल, तिथली रेघ दिसणारच.

कधी कधी मोजून काढलेली जागा आज एखाद्या दुकानाच्या आत निघते. वर्धा रोडला अशी जागा मेट्रोच्या खांबात निघेल, इथे बहुधा टिनाच्या शेडखाली. तेव्हा माडीचा कोपरा आणि गेटावरची त्याची खूण यांना जोडणाऱ्या रेषेवरच मागे किंवा पुढे सरका. ती एक जोडी तरी बिघडत नाही, बाकीचं थोडं सुटतं. मग गेट बसवा, जोड कमानीतच ठेवा, माडीचा मोठा भाग चौकटीबाहेर कापा, आणि चित्राखाली लिहा की नवा फोटो मूळ जागेपासून किती मीटर आणि कोणत्या बाजूला काढला आहे, तारीख आणि वेळेसह.